फ्लेक्सवरचे 94.60 टक्के

दहावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो आणि संध्याकाळपर्यंत चौकात क्लासचा फ्लेक्स झळकतो. त्यावर ‘उज्ज्वल यशाची परंपरा’, मुलामुलींचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली टक्के असतात. अशी जाहिरात करायला हरकत नाही, कारण पालकांना क्लास निवडायचा असतो आणि मुलांचे कौतुकही व्हायला हवे. मात्र त्या चार ओळींत दोन ठिकाणी चूक होते. आकडा खरा असूनही त्यातून भलताच अर्थ निघतो, आणि मुलाची जी माहिती घरातच राहायला हवी ती चौकात येते.

आकड्यापासून सुरुवात करू. राज्य मंडळाच्या दहावीला साधारणपणे 100 गुणांचे सहा विषय असतात, पण टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवरून म्हणजे 500 पैकी काढतात. खेळ किंवा कलेचे सवलतीचे गुण असतील तर ते या बेरजेत मिळवले जातात. समजा, एका मुलीला मराठीत 88, हिंदीत 91, इंग्रजीत 79, गणितात 94, विज्ञानात 92 आणि सामाजिक शास्त्रांत 93 गुण पडले. सहा विषयांची बेरीज 537, म्हणजे 600 पैकी 89.50 टक्के. इंग्रजी वगळले की 500 पैकी 458, म्हणजे 91.60. त्यात खेळाचे 15 गुण आले की 473, म्हणजे 94.60 टक्के. मंडळाच्या हिशेबाने 94.60 हाच तिचा निकाल आहे आणि तो छापण्यात खोटे काहीच नाही.

पण हा क्लास फक्त गणित आणि विज्ञान शिकवत असेल तर? खेळाचे 15 गुण तिने मैदानावर मिळवले आणि मराठी-हिंदी शाळेत शिकली. क्लासच्या हातात होते ते गणिताचे 94 आणि विज्ञानाचे 92. म्हणून अशा क्लासने फोटोखाली हे दोन आकडे आधी द्यावेत, आणि एकूण टक्के द्यायचेच असतील तर ‘सवलतीच्या गुणांसह’ हे शब्द त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावेत. पालकालाही उपयोगी पडतो तो विषयाचाच आकडा, कारण तो गणितासाठी क्लास शोधत असतो.

दुसरा घोळ ‘पैकी’ या शब्दाचा आहे, कारण तो बहुतेक फ्लेक्सवर नसतोच. ‘नव्वदच्या वर 14 विद्यार्थी’ हे वाचून चांगले वाटते, पण ते कितीजणांतून? याच क्लासचे उदाहरण पुढे नेऊ. जूनमध्ये 64 मुले होती. दिवाळीनंतर चौघांनी क्लास सोडला, म्हणजे वर्षभर शिकून परीक्षेला बसली ती 60. जानेवारीत आणखी 9 मुले फक्त टेस्ट सिरीजसाठी आली. नव्वदच्या वर गेलेल्या 14 जणांपैकी 3 या नऊमधली होती. त्यामुळे सरळ वाक्य होते: ‘वर्षभराच्या बॅचमधील 60 पैकी 11 विद्यार्थ्यांना 90 टक्क्यांहून अधिक गुण.’ टेस्ट सिरीजची मुले वेगळ्या ओळीत यावीत. तेच मूल तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसते ते याच गोंधळामुळे. एकाने वर्षभर शिकवलेले असते, दुसऱ्याने महिनाभराचा क्रॅश कोर्स घेतलेला असतो आणि तिसऱ्याकडे त्याने दोन पेपर सोडवलेले असतात.

‘शंभर टक्के निकाल’ हा दावा ऐकायला मोठा आहे, पण 2025 मध्ये राज्याचाच दहावीचा निकाल 94.10 टक्के होता, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. ‘जिल्ह्यात पहिली’ हा दावा तर टाळलेलाच बरा. मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे कधीच बंद केले आहे, त्यामुळे जिल्ह्यातला पहिला क्रमांक कुणी ठरवला, याचे उत्तर क्लासकडे नसते. ‘आमच्या क्लासमध्ये पहिली’ हे मात्र हजेरीपट आणि गुणपत्रिका दाखवून सिद्ध करता येते.

याविषयी नियमही आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना ती लागू आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी. त्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला आणि तो सशुल्क होता की मोफत, हेही फोटोसोबत सांगावे लागते. लहान क्लास या तत्त्वांत बसला नाही तरी ग्राहक संरक्षण कायद्यातून सुटत नाही.

म्हणजे जूनमध्ये प्रवेश फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत घेतलेली ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ ही सही पुरेशी नाही. दहावीचे मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते, म्हणून सही पालकांची घ्यावी आणि मुलालाही स्वतंत्रपणे विचारावे. वडील खुशीने हो म्हणतात आणि मुलगी मान खाली घालून बसते, असे ऑफिसात घडले तर फोटो लावू नये. संमतीपत्रावर नेमके लिहावे: फ्लेक्सवर, पॅम्फ्लेटवर की इन्स्टाग्रामवर, पूर्ण नाव की फक्त पहिले नाव, गुण द्यायचे की नाही, आणि किती दिवस.

सर्वांत जास्त माहिती फुटते ती निकालाच्या स्क्रीनशॉटमधून. मंडळाचा निकाल पाहायला दोनच गोष्टी लागतात, परीक्षेचा बैठक क्रमांक आणि आईचे नाव. गुणपत्रिकेवर या दोन्ही छापलेल्या असतात. ‘सर्वांनी आपापला निकाल ग्रुपवर टाका’ असा सरांचा मेसेज आला की साठ जणांचे विषयवार गुण साठ घरांत पोहोचतात, त्यात 41 टक्क्यांवर पास झालेल्या मुलाचेही. त्यापेक्षा प्रत्येकाने निकाल सरांच्या नंबरवर वैयक्तिक पाठवावा, सरांनी हवे ते आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि स्क्रीनशॉट पुसून टाकावा. गुणपत्रिकेचा फोटो पुरावा म्हणून कुठेही लावू नये.

नाव न छापताही मूल ओळखू येते, हे लहान बॅचमध्ये विसरले जाते. बारा मुलांच्या बॅचचा ‘12 पैकी 11 उत्तीर्ण’ असा निकाल लावला की बारावे मूल कोण, हे गल्लीला लगेच कळते. अशा बॅचने उत्तीर्णांचे प्रमाण देऊच नये. दोन-तीन वर्षांच्या बॅचेस एकत्र करून आकडा द्यावा. तसेच ‘हलाखीच्या परिस्थितीवर मात’ किंवा ‘धुणीभांडी करणाऱ्या आईच्या लेकीचे यश’ हे शब्द क्लासने स्वतःहून जोडू नयेत. अकरावीला नव्या कॉलेजात ती मुलगी स्वतःची कोणती ओळख घेऊन जाणार, हे तिने ठरवायचे असते.

वरच्या मुलीला आपण आर्या म्हणू. ती आणि तिचे पालक तयार असतील, तर तिच्या फोटोखालचा मजकूर असा होईल: ‘आर्या. गणित 94, विज्ञान 92. एकूण 94.60 टक्के (सवलतीच्या गुणांसह). वर्षभराची सशुल्क बॅच, जून ते फेब्रुवारी.’ आणि फ्लेक्सच्या तळाशी: ‘या बॅचमधून परीक्षेला बसलेले विद्यार्थी 60.’ गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकनात गुण बदलले तर आकडाही बदलावा. संमतीपत्रात महिना लिहिला असेल तर एकतिसाव्या दिवशी फ्लेक्स उतरवून घ्यावा आणि इन्स्टाग्रामवरची पोस्टही काढावी.