दोन वेगळ्या फोटोंतून एकत्र फोटो : हात चिकटू नयेत, उंची बिघडू नये म्हणून एआयला काय सांगायचं?

आजोबांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. घरात आजी-आजोबांचा एकत्र असा एकही धड फोटो नव्हता. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने मोबाईल काढला, आजोबांचा ओळखपत्राचा फोटो आणि आजीचा एका लग्नातला उभा फोटो एआयच्या अॅपमध्ये टाकला आणि लिहिलं, ‘दोघांनी एकमेकांना जवळ घेतलंय असा फोटो बनव.’

अर्ध्या मिनिटात फोटो आला. आजोबांचं डोकं भोपळ्याएवढं, आजी त्यांच्या शेजारी शाळकरी पोरीएवढी. आजीच्या खांद्यावर एक हात होता, पण तो कोणाच्याच खांद्यातून निघत नव्हता. घरचे आधी हसले, मग गप्प झाले.

जेमिनी, चॅटजीपीटी यांसारख्या अॅपवर असे फोटो आता गावोगावी बनतात आणि बहुतेकांचा पहिला फोटो असाच बिघडतो. चूक कुठे होते आणि ती कशी सुधारायची, हे याच उदाहरणावरून पाहू.

उंची का बिघडते?

ओळखपत्राच्या फोटोत चेहऱ्यानेच अर्धी चौकट भरलेली असते. लग्नातल्या उभ्या फोटोत तोच चेहरा नखाएवढा असतो. फोटो किती लांबून काढला, माणूस खरा किती उंच, हे एआयला कळत नाही. मोठा दिसला तो मोठा, लहान दिसला तो लहान, असं धरून ते चित्र काढतं.

म्हणून माप आपणच द्यावं लागतं. पण ‘आजोबा ५ फूट ६ इंच, आजी ४ फूट ११ इंच’ असं लिहून फारसा उपयोग होत नाही. एआय टेप लावून मोजत नाही. त्याला शरीराच्या खुणेवरून सांगितलेलं जास्त कळतं. मोठ्या माणसाचं डोकं माथ्यापासून हनुवटीपर्यंत साधारण ९ इंच भरतं आणि ओठ माथ्यापासून अंदाजे ७ इंच खाली असतात. आजी आजोबांपेक्षा ७ इंचांनी बुटकी. म्हणजे दोघं शेजारी उभे राहिले तर आजीचा माथा आजोबांच्या ओठांच्या रेषेत येतो. एआयला हेच वाक्य द्यायचं.

दुसरी खूण डोक्याची. माणूस उंच असो की बुटका, मोठ्या माणसांच्या डोक्याच्या आकारात फार फरक नसतो. म्हणून ‘दोघांची डोकी जवळपास सारख्या आकाराची’ हेही लिहायचं.

आधी जोडफोटो करा

नुसत्या शब्दांवर न थांबता नातवाने आणखी एक काम केलं. आजोबांचा पोळ्याच्या दिवशी बैलजोडीजवळ काढलेला एक उभा फोटो त्याला सापडला. चेहरा पुसट होता, पण अंगकाठी नीट दिसत होती : सडपातळ बांधा, पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर टोपी. ओळखपत्राच्या फोटोत छातीखालचं काहीच नसतं, ते एआय मनाने रचतं. म्हणून चेहऱ्यासाठी एक आणि बांध्यासाठी दुसरा, असे दोन फोटो दिलेले बरे.

मग त्याने मोबाईलच्या कोलाजमध्ये आजोबांचा हा उभा फोटो डावीकडे आणि आजीचा उजवीकडे ठेवला. दोन बोटांनी लहान-मोठं करून दोघांची डोकी सारखी केली आणि आजीचा फोटो खाली सरकवून तिचा माथा आजोबांच्या ओठांच्या रेषेत आणला. हा जोडफोटो सुंदर दिसायची गरज नसते. तो फक्त माप दाखवतो.

आजीचे फोटो दोन होते, एक यंदाचा आणि एक सहा वर्षांपूर्वीचा. त्याने जुना घेतला. पोळ्याचा फोटोही त्याच सुमाराचा होता, त्यामुळे दोघांची वयं जुळली. शिवाय त्या फोटोत आजीने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हातात हिरव्या बांगड्या होत्या. या बांगड्या पुढे फार कामाला आल्या.

हात का चिकटतात?

एआयला शरीरात हाडं किती, खांद्याला हात किती, याचा हिशेब नसतो. लाखो चित्रं पाहून ‘इथे बहुधा असं असतं’ एवढंच ते जाणतं. समोरासमोर गळाभेट असली की चार हात एकमेकांवरून आडवे जातात, निम्मे हात पाठीमागे झाकलेले असतात. कोणता तुकडा कोणाचा, याचा गोंधळ इथेच होतो. कपडे एकाच रंगाचे असतील तर गोंधळ आणखी वाढतो. बोटांत बोटं गुंफली की पंजाला सहा-सात बोटंही फुटतात.

यावर उपाय दोन. पहिला, पोझ सोपी निवडायची : समोरासमोर मिठीऐवजी शेजारी उभं राहून जवळ घेणं आणि बोटं गुंफण्याऐवजी हातावर हात ठेवणं. दुसरा, प्रत्येक हाताचा वेगळा पत्ता द्यायचा : कोणाचा, कोणता, कुठे ठेवलाय, दिसतोय की झाकलाय. बाहीचा रंग किंवा बांगड्या सांगितल्या की प्रत्येक हाताला ओळख मिळते.

डाव्या-उजव्याचीही गफलत होते. कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या माणसाचा डावा हात आपल्याला फोटोत उजवीकडे दिसतो. म्हणून हाताचं नाव सांगताना सोबत ‘आजीच्या बाजूचा’ किंवा ‘बाहेरच्या बाजूचा’ असं लिहावं.

दुसरा फोटो बरा आला, पण…

नातवाने हे सगळं लिहिलं आणि आजोबांचा डावा हात आजीच्या खांद्यावर ठेवायला सांगितला. उंची बरोबर आली. हातही मोजून चारच. त्याने मोबाईल आजीपुढे धरला. आजीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “चेहरा त्यांचाच आहे रे. पण हा हात त्यांचा नाही.”

कडबा कुट्टीच्या यंत्रात आजोबांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पेरावरून गेलं होतं. फोटोत पाचही बोटं धडधाकट होती. दिलेल्या कोणत्याच फोटोत तो पंजा नीट दिसत नव्हता, म्हणून एआयने कोणातरी माणसाचा हात लावून दिला होता.

जे मूळ फोटोत नाही ते एआय बनावट लावतं. व्रण, गोंदण, वाकलेलं बोट, तुटलेला दात या गोष्टी त्याला माहीत नसतात. फोटो असेल तर द्यावा. नसेल तर तो भाग झाकला जाईल अशी पोझ घ्यावी. नातवाने तेच केलं. आजोबांचा डावा हात पूर्ण आजीच्या पाठीमागे नेला. त्याने शेवटी लिहिलेला मजकूर असा :

```
फोटो १ : आजोबांचा चेहरा.
फोटो २ : आजोबांचा बांधा आणि कपडे.
फोटो ३ : आजी.
फोटो ४ : फक्त उंची आणि जागेसाठी.
दोघांचा एकच फोटो बनव. चेहरे बदलू नकोस.
आजोबा फोटोत डावीकडे, आजी उजवीकडे.
दोघं खेटून उभे, तोंड कॅमेऱ्याकडे.
मांडीपर्यंतचा भाग दिसू दे.
डोकी जवळपास सारख्या आकाराची.
आजीचा माथा आजोबांच्या ओठांच्या रेषेत.
आजोबांचा आजीच्या बाजूचा (डावा) हात
आजीच्या पाठीमागे, पंजा दिसत नाही.
आजोबांचा बाहेरचा (उजवा) हात, पांढरी बाही,
कोपरात वाकवून पोटासमोर.
आजीचा आजोबांच्या बाजूचा (उजवा) हात,
हिरव्या बांगड्या, आजोबांच्या उजव्या
हाताच्या पंजावर ठेवलेला. बोटं गुंफलेली नाहीत.
आजीचा बाहेरचा (डावा) हात सरळ खाली.
एकूण तीनच पंजे दिसतील.
मागे घराची साधी भिंत, उजेड एकाच बाजूने.
```

मजकूर मराठीत लिहिला तरी चालतो. वाक्यं छोटी ठेवायची आणि एका ओळीत एकच गोष्ट सांगायची.

फोटो आला की असा तपासा

आधी झूम करा. प्रत्येक खांद्यावर बोट ठेवा आणि बाहीवरून खाली पंजापर्यंत या. वाटेत बाहीचा रंग बदलला किंवा हात मध्येच दुसऱ्याच्या अंगात शिरला, तर तो फोटो बाद. मग पंजे मोजा, बोटं मोजा. वरच्या मजकुराप्रमाणे पंजे तीनच हवेत. चौथा दिसला तर तो उपरा आहे.

त्यानंतर डोकी पाहा. दोन बोटांच्या चिमटीत एकाची माथा-हनुवटी धरा आणि तीच चिमटी दुसऱ्यावर नेऊन बघा. शेवटी मूळ फोटो शेजारी उघडून चेहरा ताडून पाहा, कारण एआय नकळत सुरकुत्या पुसतं आणि रंग उजळ करतं.

एखादीच चूक असेल तर तेवढीच सांगा : ‘बाकी काही बदलू नकोस, आजीच्या उजव्या हाताला पाच बोटं कर.’ एका वेळी एकच दुरुस्ती. पण दोन-तीन दुरुस्त्यांनंतर चेहरा हळूहळू परका होऊ लागतो. तसं झालं तर त्याच फोटोवर डागडुजी करत बसू नका. नवीन चॅट उघडा, मूळ फोटो पुन्हा टाका आणि सुधारलेला पूर्ण मजकूर द्या.

नातवाला नीट फोटो मिळायला एकूण पाच खेपा लागल्या. चौथ्या खेपेला सगळं जमलं होतं, फक्त आजोबांची टोपी गायब होती.

एक सावधगिरी

हीच युक्ती वापरून कोणाही दोघांचा जवळ घेतलेला फोटो बनवता येतो आणि गावात अशा एका फोटोने एखाद्या मुलीचं शिक्षण बंद होऊ शकतं. हयात माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय वापरू नये. बदनामीसाठी केलेल्या अशा फोटोबद्दल पोलिसांत गुन्हा दाखल होऊ शकतो. जेमिनीने बनवलेल्या फोटोत डोळ्यांना न दिसणारी खूण असते, ती तपासून फोटो एआयचा असल्याचं कळू शकतं. घरात लावायच्या फोटोमागेही ‘दोन फोटो जोडून केलेला’ एवढं लिहून ठेवावं. पुढच्या पिढीला तो खरा प्रसंग वाटायला नको.

नातवाने तसं लिहून फ्रेम करून आणली. आजीने मागचं अक्षर वाचून घ्यायला लावलं, मग फ्रेम फिरवून पुन्हा हात पाहिला. “आता बरोबर,” ती म्हणाली. “चारचौघांत असंच मागून धरायचे ते.”