वीर्यतपासणी: डबीपासून आकड्यापर्यंत

वीर्यतपासणीत प्रयोगशाळा तीन मुख्य गोष्टी पाहते: शुक्राणू किती आहेत, ते कसे पोहतात आणि त्यांची घडण कशी आहे. रक्तातल्या साखरेसारखे हे मोजमाप यंत्राच्या स्वाधीन करून भागत नाही. बहुतेक काम आजही माणसाचा डोळा, सूक्ष्मदर्शक आणि घड्याळ यांवर चालते. त्यामुळे नमुना कसा घेतला आणि किती वेळाने पाहिला, यावर अहवालातला आकडा बराच अवलंबून असतो. जगभरच्या प्रयोगशाळा यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची नियमपुस्तिका प्रमाण मानतात. तिची पहिली आवृत्ती १९८० साली निघाली आणि सहावी २०२१ साली.

नमुना देण्यापूर्वी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. अंतर कमी असेल तर संख्या कमी भरते. ते फार वाढले तर संख्या वाढते, पण साठून राहिलेले निर्जीव शुक्राणूही वाढतात. नमुना प्रयोगशाळेलगतच्या खोलीत, हस्तमैथुनाने, रुंद तोंडाच्या स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत घ्यायचा असतो. बाजारातले साधे कंडोम यासाठी चालत नाहीत, कारण त्यांतली रसायने शुक्राणूंना मारक ठरतात. तेल, साबण किंवा थुंकीही वापरू नये. घरून नमुना आणणे भागच असेल तर डबी अंगाजवळ, कपड्यांच्या आत धरून आणावी आणि ती तासाभराच्या आत पोहोचलीच पाहिजे, अर्ध्या तासात पोहोचली तर उत्तम.

या टप्प्यावर सर्वाधिक घोटाळा होतो तो सांडलेल्या थेंबांमुळे. स्खलनाच्या पहिल्या भागात मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव असतो आणि बहुसंख्य शुक्राणू त्याच भागात येतात. पुढचा, आकाराने मोठा भाग शुक्राशयांचा असतो आणि त्यात शुक्राणू थोडे असतात. म्हणून पहिला थेंब सांडला तर उरलेल्या नमुन्यावरून माणूस आहे त्यापेक्षा कितीतरी कमजोर दिसतो. ही गोष्ट लाजेपोटी सांगितली जात नाही. तंत्रज्ञाने ती विचारायला हवी आणि अहवालात नोंदवायलाही हवी.

वीर्य बाहेर येताच जेलीसारखे गोठते. शुक्राशयांतून आलेली प्रथिने ही जाळी विणतात आणि प्रोस्टेटचे एक विकर ती तोडते. (हे विकर म्हणजे पीएसए. प्रोस्टेटच्या आजारात रक्तात मोजतात तेच.) डबी ३७ अंश सेल्सियसला ठेवली की साधारण १५ ते ३० मिनिटांत वीर्य पातळ होते. तासाभरात पातळ झाले नाही तर ती बाब नोंदवतात. पातळ होण्याआधी तपासायला घेतले तर शुक्राणू जेलीत अडकलेले असतात. मग हालचाल कमी दिसते, आणि कुठल्या थेंबात किती शुक्राणू येतील याचा भरवसा उरत नाही. नमुना हट्टाने घट्टच राहिला तर तो पिपेटने हलक्या हाताने वरखाली करतात किंवा अननसातले ब्रोमेलेन हे विकर त्यात मिसळतात.

पातळ होण्याची वाट पाहताना आकारमान काढून घेता येते. यासाठी मोजनळीपेक्षा वजनकाटा बरा, कारण नळीत ओतताना डबीला चिकटलेले वीर्य मागे राहते. समजा, रिकामी डबी १२.४ ग्रॅमची होती आणि भरलेली १४.६ ग्रॅम भरली. वीर्याचा एक मिलिलीटर साधारण एका ग्रॅमचा धरतात, म्हणजे हा नमुना २.२ मिलिलीटर झाला. हाच नमुना शेवटपर्यंत सोबत घेऊ.

आता घाई असते ती हालचालीची. शुक्राणू डबीत थकत जातात, म्हणून स्खलनानंतर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात हालचाल पाहून घ्यायची. नमुना नीट ढवळून त्याचा १० मायक्रोलीटरचा थेंब स्लाइडवर ठेवतात आणि त्यावर २२ मिलिमीटर चौरस कव्हरस्लिप टाकतात. एवढ्या मापामुळे काचेखाली सुमारे २० मायक्रोमीटर खोलीचा थर तयार होतो आणि शुक्राणूला वळायला, पोहायला मोकळी जागा मिळते. थर यापेक्षा पातळ असेल तर शेपटीचा फटकारा अडतो. थेंब वाहायचा थांबला की मोजणी सुरू होते. स्लाइडही ३७ अंशांवर असावी, कारण थंड खोलीत तेच शुक्राणू मंद दिसतात.

प्रत्येक शुक्राणूला चारपैकी एक श्रेणी मिळते. सेकंदाला २५ मायक्रोमीटर किंवा त्याहून वेगाने पुढे जाणारा तो जलद, ५ ते २५ मायक्रोमीटरने सरकणारा मंद, जागच्या जागी वळवळणारा तिसऱ्या श्रेणीत आणि निश्चल असलेला चौथ्या श्रेणीत. डोळ्याला २५ मायक्रोमीटर कसे कळणार? शुक्राणूचे डोके सुमारे ५ मायक्रोमीटर लांब असते. जो एका सेकंदात स्वतःच्या डोक्याच्या पाचपट अंतर कापतो तो जलद.

इथे डोळा फसतो. चालणारी वस्तू नजरेला आधी खेचते, आणि मोजत असतानाच नवे पोहणारे चौकटीत शिरतात. सरावलेला तंत्रज्ञ चौकटीत एका क्षणी जे होते तेवढेच मोजतो, मागाहून आलेले मोजत नाही. असे २०० शुक्राणू एका थेंबात आणि पुन्हा २०० दुसऱ्या थेंबात मोजायचे. आपल्या नमुन्यात पुढे जाणारे, म्हणजे जलद आणि मंद मिळून, पहिल्यांदा ४४ टक्के आणि दुसऱ्यांदा ४८ टक्के निघाले. दोनशे-दोनशेच्या मोजणीत सुमारे दहा टक्क्यांपर्यंतचा फरक योगायोगाने पडू शकतो, म्हणून ही जोडी ग्राह्य आणि सरासरी ४६. फरक त्यापेक्षा मोठा असता तर दोन्ही आकडे टाकून नव्याने मोजावे लागले असते. फार थोडे शुक्राणू हलताना दिसले तर इओसिन रंगाची चाचणी करतात. मेलेल्या शुक्राणूचे डोके रंग शोषून घेते, जिवंताचे पांढरे राहते. निश्चल आणि मृत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

संख्या मोजायला न्यूबाउर चेंबर लागते. रक्तपेशी मोजायला वापरतात तीच ही जाड काचपट्टी. तिच्यावर सूक्ष्म रेघांची जाळी कोरलेली असते आणि वर बसवायच्या जाड काचेखाली बरोबर ०.१ मिलिमीटरची पोकळी राहते. ही वरची काच नीट बसली की दोन काचांच्या मध्ये इंद्रधनुषी कडी दिसतात. कडी दिसली नाहीत तर खोली चुकली आहे आणि त्यावरचा सगळा हिशेब चुकणार आहे.

पोहणारे शुक्राणू मोजता येत नाहीत, म्हणून आधी ते स्थिर करतात. ५० मायक्रोलीटर वीर्य ९५० मायक्रोलीटर फॉर्मॅलिनयुक्त द्रावणात मिसळले की वीर्य वीसपट पातळ होते. वीर्य पाण्यासारखे नसते. ते पिपेटच्या बाहेरून चिकटते, आत बुडबुडे धरते, आणि इथे झालेली चूक थेट अंतिम आकड्यात उतरते. म्हणून पिपेट पुसून घ्यायची आणि हे मिश्रण दोनदा, स्वतंत्रपणे करायचे. एक चेंबरच्या एका बाजूला, दुसरे दुसऱ्या बाजूला. मग चेंबर ओलसर बंद भांड्यात काही मिनिटे ठेवले की शुक्राणू तळाशी बसतात.

मधल्या जाळीत पाच ओळी असतात आणि प्रत्येक ओळीवर २० नॅनोलीटर द्रव मावतो. डोके असलेला अखंड शुक्राणूच मोजायचा, सुट्या शेपट्या नाहीत. डोके रेघेवर पडले तर ते फक्त डावीकडच्या आणि खालच्या रेघेवर असतानाच धरायचे, म्हणजे एकच शुक्राणू दोन चौकटींत मोजला जात नाही. एका बाजूला किमान २०० भरेपर्यंत ओळी मोजत जायच्या, पण सुरू केलेली ओळ पुरी करायची. दुसऱ्या बाजूलाही तितक्याच ओळी घ्यायच्या.

आपल्या नमुन्यात एका बाजूच्या पाच ओळींत २१२ आणि दुसऱ्या बाजूच्या पाच ओळींत २०० शुक्राणू मिळाले. बेरीज ४१२ असताना दोन बाजूंत सुमारे ४० पर्यंतचा फरक योगायोगाचा मानतात. इथे तो १२ आहे, म्हणजे मिसळण्यात किंवा भरण्यात मोठी चूक नाही. दहा ओळींत ४१२, म्हणजे ओळीमागे ४१.२. ओळीचे २० नॅनोलीटर आणि वीसपट पातळपणा एकमेकांना छेद देतात, म्हणून हाच आकडा थेट दर मिलिलीटरला ४१.२ दशलक्ष असा वाचता येतो. त्याला २.२ ने गुणले की एकूण सुमारे ९० दशलक्ष होतात. वृषणांनी खरोखर किती शुक्राणू दिले हे या एकूण संख्येवरून कळते. दर मिलिलीटरचा आकडा इतर ग्रंथींच्या स्रावाने वाढतो-घटतो.

चारशे मोजण्याचा आग्रह कशासाठी? शंभर शुक्राणू मोजले तर निव्वळ योगायोगाची चूक दहा टक्क्यांच्या आसपास असते, चारशे मोजले की ती पाच टक्क्यांवर येते. घाईत चाळीस-पन्नास मोजून दिलेला आकडा अंदाज असतो, मोजमाप नसते.

शेवटी घडण. थेंब स्लाइडवर पातळ पसरून, वाळवून, पॅपानिकोलाऊ पद्धतीने रंगवतात आणि तेल लावून हजारपट मोठा करून पाहतात. सुघड शुक्राणूचे डोके अंडाकृती आणि गुळगुळीत असते. टोकावरची टोपी डोक्याचा ४० ते ७० टक्के भाग व्यापते. मधला भाग बारीक आणि साधारण डोक्याइतकाच लांब असतो, शेपूट डोक्याच्या दहापट आणि गाठ किंवा मोड नसलेली. जरा शंकास्पद वाटला तो सदोष धरायचा. हे कडक निकष १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील टायगरबर्ग रुग्णालयात आकाराला आले. स्त्रीच्या गर्भाशयमुखातील स्रावात पोहोचलेले शुक्राणू कसे दिसतात, ते पाहून ठरवलेले. त्यामुळेच निरोगी पुरुषातही सुघड शुक्राणू थोडेच निघतात.

नियमपुस्तिकेत सुघड शुक्राणूंची खालची मर्यादा ४ टक्के आहे. पुढे जाणाऱ्यांची ३० टक्के, एकूण संख्येची ३९ दशलक्ष आणि आकारमानाची १.४ मिलिलीटर. वर्षभरात अपत्याची चाहूल लागलेल्या जोडप्यांमधील पुरुषांचे नमुने घेऊन, त्यांतल्या तळाच्या पाच टक्क्यांशी या रेषा आखल्या आहेत. म्हणजे रेषेखाली असूनही बाप झालेले पुरुष त्यात आहेतच, आणि रेषेच्या वर असणे ही अपत्याची हमी नाही.

आपल्या नमुन्यात ४०० पैकी २० शुक्राणू सुघड मिळाले, म्हणजे ५ टक्के. पण चारशेच्या मोजणीत खरे प्रमाण ३ ते ८ टक्क्यांत कुठेही असू शकते. तेव्हा एका अहवालात ५ आणि दुसऱ्यात ३ टक्के आले म्हणून प्रकृती बिघडली असे होत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात आणि मधल्या एखाद्या मोठ्या तापाची छाया पुढच्या नमुन्यावर पडते. पहिला अहवाल कमी आला तर त्यावर निर्णय न घेता काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि तितक्याच दिवसांच्या अंतराने.