विकता येईल, विकावे लागेल

सांगलीतली यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांसमोर आणा. उदाहरण कल्पित आहे, पण अशी घरे आपल्या माहितीत असतात. कंपनीचे एकूण एक लाख शेअर. त्यातले ६० हजार थोरल्या भावाचे आणि २५ हजार मधल्याचे. धाकटा भाऊ वारला, त्याचे १५ हजार शेअर आता त्याच्या पत्नीच्या नावावर आहेत. बाहेरचा गुंतवणूकदार येणार म्हणून वकिलांनी ४० पानी इंग्रजी भागधारक करार तयार केला आणि धाकट्या वहिनींसाठी त्याची मराठी प्रतही करून घेतली. त्या प्रतीत तीन कलमे लागोपाठ येतात: ‘प्रथम नकाराचा हक्क’, ‘सहविक्रीचा हक्क’ आणि ‘सक्तीच्या सहविक्रीचा हक्क’. तिन्हींच्या शेवटी ‘हक्क’ असल्यामुळे वहिनींना वाटते, हे तिन्ही आपलेच हक्क.

त्यातला तिसरा त्यांचा नाही. तो त्यांच्यावर चालणारा हक्क आहे.

पहिले कलम इंग्रजीत प्री-एम्प्शन किंवा राइट ऑफ फर्स्ट रिफ्यूजल या नावाने येते. ‘प्रथम नकार’ हे शब्दाला शब्द भाषांतर वाचून वहिनींचा समज होतो, की आपण नको म्हटले तर थोरल्या दिरांना शेअर विकताच येणार नाहीत. अर्थ नेमका उलटा आहे. त्यांनी नको म्हटले, की दीर बाहेरच्याला विकायला मोकळे होतात. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘अग्रक्रयाधिकार’ हा शब्द आहे, पण तो वकिलांनाच कळतो. ‘आधी घेण्याचा हक्क’ म्हटले तर कोणालाही समजते. वारसाहक्काने आलेल्या जमिनीतला वाटा विकायचा झाला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २२ सहवारसांना प्राधान्य देते. कल्पना तीच आहे.

हा हक्क वापरायला किती पैसे लागतात, तेही भाषांतरात आकड्यांनी दाखवायला हवे. समजा, दीर आपले ६० हजार शेअर ५०० रुपयांना विकायला काढतात. उरलेल्या दोघांचे २५ आणि १५ हजार, म्हणजे प्रमाण पाचास तीन. वहिनींच्या वाट्याला २२,५०० शेअर येतात आणि त्यांची किंमत होते १ कोटी १२ लाख ५० हजार रुपये. करारात मुदत ३० दिवसांची असेल, तर एवढी रक्कम महिन्यात उभी करायची आहे. त्यातच इंग्रजी मजकुरात ‘डीम्ड’ हा शब्द दडलेला असतो. त्याचे ‘मानीव नकार’ असे भाषांतर करून भागत नाही. सरळ लिहावे: ‘३० दिवसांत लेखी उत्तर दिले नाही, तर तुम्ही हक्क सोडला असे धरले जाईल.’

दुसरे कलम टॅग-अलाँगचे. मोठा भागधारक आपला हिस्सा बाहेरच्याला विकतो, तेव्हा लहान भागधारकालाही त्याच भावाने, त्याच अटींवर आपले शेअर विकता येतात. नव्या, अनोळखी मालकाच्या हाताखाली अडकून पडायला नको, म्हणून हे संरक्षण. ते वापरायचे की नाही, हे लहान भागधारक ठरवतो.

या कलमातला एकच शब्द पैशांचा मोठा फरक करतो: प्रो-राटा. मराठी प्रतीत ‘प्रमाणशीर’ एवढेच लिहिलेले असते. पण प्रमाण कशाचे? ग्राहकाला ६० हजारच शेअर हवे असतील आणि तिघेही विकायला तयार असतील, तर प्रमाणशीर कलमानुसार प्रत्येकाचे ६० टक्के शेअर विकले जातात. थोरल्याचे ३६ हजार, मधल्याचे १५ हजार, वहिनींचे ९ हजार. वहिनींच्या हाती ४५ लाख रुपये येतात आणि सहा हजार शेअर नव्या मालकाच्या कंपनीत मागे राहतात. ते पुढे कोण आणि काय भावाने घेईल, याची हमी कोणी देत नाही. कलमात ‘सर्व शेअर’ असे असते, तर पंधराच्या पंधरा हजार विकून ७५ लाख मिळाले असते. भाषांतरकाराने कलमाखाली हे उदाहरण जोडले, तर वहिनी सही करण्याआधी योग्य प्रश्न विचारू शकतात.

तिसरे कलम ड्रॅग-अलाँगचे. ठरावीक टक्के भागधारकांनी कंपनी विकायचे ठरवले, तर बाकीच्यांनाही आपले शेअर त्याच ग्राहकाला विकावे लागतात. संपूर्ण कंपनी घ्यायला निघालेल्या ग्राहकाला मागे कोणी उरलेला नको असतो, म्हणून हे कलम येते. इंग्रजीत इथे ‘मे रिक्वायर’ असे असते. त्याचे ‘विनंती करू शकेल’ असे भाषांतर झाले, तर सारा अर्थच सांडतो. खरा अर्थ ‘भाग पाडू शकेल’ असा आहे.

वहिनींच्या दृष्टीने इथे पहिला प्रश्न टक्क्यांचा. मर्यादा ७५ असेल, तर थोरल्यांना मधल्याची साथ लागते. ती ६० असेल, तर ते एकटे पुरेसे आहेत. दुसरा प्रश्न किमान भावाचा. तिसरा जबाबदारीचा: विक्रीनंतर ग्राहकाने नुकसानभरपाई मागितली, तर वहिनींची जबाबदारी त्यांना मिळालेल्या रकमेपुरतीच आहे का? चौथा प्रश्न सर्वांत सहज निसटतो. आलेल्या पैशांवर आधी हात कोणाचा?

फॅनड्युएल या कंपनीच्या संस्थापकांना हा प्रश्न भोवला. स्कॉटलंडमध्ये उभ्या राहिलेल्या या कंपनीचे मोल २०१५ मध्ये एक अब्ज डॉलरच्या वर गेले होते. २०१८ मध्ये पॅडी पॉवर बेटफेअरशी तिचा व्यवहार झाला, तेव्हा गुंतवणूकदारांनी ड्रॅग-अलाँगचा हक्क वापरला. विक्रीतून येणाऱ्या पहिल्या ५५.९ कोटी डॉलरवर प्राधान्य शेअर असलेल्यांचा हक्क होता. संचालक मंडळाने व्यवहाराचे मोल त्यापुढे जाऊ दिले नाही आणि साधे शेअर असलेल्या संस्थापकांच्या हाती काहीच आले नाही. वाद न्यूयॉर्कच्या न्यायालयांत गेला. म्हणून भाषांतरात ‘समान अटींवर’ हे शब्द आले, की ‘प्राधान्य शेअरवाल्यांचे पैसे फिटल्यानंतर’ ही पुस्ती मूळ करारात कुठे आहे, ते शोधून शेजारी लिहावे.

तिन्ही कलमांचा गाभा मराठी क्रियापदांत उत्तम बसतो. पहिल्यात दुसऱ्याला ‘आधी विचारावे लागेल’. दुसऱ्यात तुम्हाला ‘विकता येईल’. तिसऱ्यात तुम्हाला ‘विकावे लागेल’. कलमांची नावे काहीही ठेवली, तरी प्रत्येक वाक्यात कर्ता ठळक हवा आणि क्रियापद हे असे उघडे हवे.

एक गोष्ट मात्र चांगल्या भाषांतरानेही साधत नाही. मराठी प्रतीवर बहुधा लिहिलेले असते, की फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. शिवाय करारातले हक्क कंपनीच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे नियमावलीत, उतरले आहेत का, हेही पाहावे लागते. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यातल्या घरगुती कंपनीचे ५० शेअर होते, दोन भावांचे प्रत्येकी २५. शेअर विकायचे झाले तर आधी आपल्याच शाखेला विचारायचे, असा १९५१ पासूनचा तोंडी करार घरात होता. पुढच्या पिढीतल्या एकाने आपले शेअर दुसऱ्या शाखेला विकले. सर्वोच्च न्यायालयाने ती विक्री वैध ठरवली, कारण ही अट नियमावलीत नव्हती.