सुईतून ओवलेली प्रथिने

साल्मोनेला आतड्याच्या पेशीपाशी पोहोचतो तेव्हा त्याच्या अंगावर बारीक, पोकळ सुया उगवलेल्या असतात. १९९८ साली होर्हे गालान, शिन-इची आयझावा आणि सहकाऱ्यांनी या सुया बुडासकट वेगळ्या काढल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना प्रथमच स्पष्ट दिसली. जिवाणूच्या दोन्ही आवरणांत रुतलेला कड्यांचा पाया आणि त्यातून बाहेर आलेली सुई. या यंत्रणेला ‘टाइप थ्री’ स्रावयंत्रणा म्हणतात.

दिसायला ही हुबेहूब इंजेक्शनची सिरिंज. पण सिरिंजमध्ये औषध भरून ठेवलेले असते आणि दट्ट्या ते रेटतो. इथे साठाही नाही, दट्ट्याही नाही. सुईचे भोक जेमतेम दोन नॅनोमीटर रुंद, त्यामुळे घडी घातलेले प्रथिन त्यात शिरूच शकत नाही. म्हणून प्रत्येक प्रथिन पायाशी आणले जाते, त्याला सांभाळणारे सोबती-प्रथिन तिथे सोडवले जाते, आणि त्याची घडी उलगडून ते दोऱ्यासारखे एका टोकाने सुईत ओवले जाते. सोडवण्या-उलगडण्याचे काम इन्व्हसी हे प्रथिन एटीपी खर्चून करते. ओढून नेण्यासाठी जिवाणूच्या आतल्या आवरणावरील प्रोटॉनांचा दाबही लागतो.

प्रथिन खरोखर उलगडून जाते हे कसे कळले? एसपीटीपी नावाच्या प्रथिनाच्या शेपटीला संशोधकांनी हिरवे चमकणारे प्रथिन जोडले. त्याची घडी इतकी घट्ट की यंत्राला ती सोडवता येत नाही. पुढचा दोरा सुईत शिरला, शेपूट दाराशीच अडकली आणि तुंबलेली सुई तशीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आली. मला हा प्रयोग फार आवडतो: यंत्र बंद पाडून त्याची चाल दाखवलेली.

सुईच्या टोकापुढे सिपबी आणि सिपसी ही प्रथिने आपल्या आतड्याच्या पेशीच्या पडद्यात भोक पाडतात. त्यातून आत गेलेली एसओपीई आणि एसपीटीपी ही जोडी पाहण्यासारखी आहे. एसओपीई पेशीतले दोन स्विच चालू करते: सीडीसी४२ आणि रॅक१. त्यासरशी पेशीच्या आतला ॲक्टिनचा सांगाडा हलतो, पडदा झालरीसारखा उसळतो आणि जिवाणूला पोटात घेतो. एसपीटीपी तेच स्विच बंद करते.

दोन्ही प्रथिने जवळपास एकाच वेळी आत जातात, मग ती एकमेकांना रद्द का करत नाहीत? कारण आपलीच पेशी एसओपीईला प्रोटिअसोममध्ये झटपट मोडून टाकते आणि एसपीटीपी मागे टिकून राहते. त्यामुळे आधी उसळी येते, नंतर पडदा पूर्ववत होतो. २००३ साली तोमोको कुबोरी आणि गालान यांनी एसओपीईच्या कामाच्या भागापुढे एसपीटीपीचा, सुईतून नेणारा पुढचा तुकडा जोडला. असे जोडप्रथिन पेशीत जास्त वेळ टिकले, आणि ॲक्टिनची उलथापालथही लांबली.