उद्यम नोंदणी: उलाढाल पॅनवरून येते, व्यवसाय आपण सांगायचा

कराडजवळच्या एका गावात मिरची-मसाल्याचा छोटा उद्योग आहे, असे धरू. दोन कांडप यंत्रे, एक भाजणी यंत्र, पिशव्या बंद करणारे एक यंत्र आणि कामाला सहा बायका. मालकीणबाई कांदा-लसूण मसाला आणि उडदाचे पापड करतात, साताऱ्या-पुण्याच्या दुकानांना उधारीवर पुरवतात. गाळ्याच्या पुढच्या बाजूला त्यांचे किराणा दुकान आहे, तिथे दुसऱ्यांचे तेल आणि डाळी विकल्या जातात. बँकेने कर्जासाठी उद्यम प्रमाणपत्र मागितले, की त्यांना एक अर्ज भरावा लागतो. त्या अर्जात दोन जागा महत्त्वाच्या आहेत: उलाढाल आणि व्यवसायाचा प्रकार.

उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. आधीचा उद्योग आधार तिने मागे टाकला. udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते आणि एकही कागद जोडावा लागत नाही. आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, मग पॅन. एकल मालकीत आधार मालकाचा लागतो, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचा आणि हिंदू एकत्र कुटुंबात कर्त्याचा. पुढे पत्ता, बँक खाते, व्यवसाय सुरू झाल्याची तारीख, कामगारांची संख्या. उद्योजक जे सांगतो ते सरकार स्वघोषणा म्हणून स्वीकारते.

स्वघोषणा असली तरी वाट्टेल ते लिहिता येत नाही. पॅन टाकल्यावर प्राप्तिकर आणि जीएसटी खात्यांकडे असलेले आकडे नोंदणीशी जोडले जातात. ज्याने विवरणपत्र भरले आहे, त्याची यंत्रांतली गुंतवणूक आणि उलाढाल तिथूनच येते. म्हणून पडद्यावर जे वर्ष दिसते, त्याच वर्षाचे विवरणपत्र हाताशी ठेवावे. चालू वर्षाचा अंदाज तिथे चालत नाही.

मसाल्याच्या उद्योगाचा हिशेब मांडून पाहू. मसाला आणि पापड मिळून वर्षाची विक्री 86 लाख रुपये, दुकानाची 34 लाख. बाई या दोन्ही गोष्टी वेगळ्या मानतात, पाट्याही वेगळ्या आहेत. पण पॅन एकच आहे. नियमाप्रमाणे एका पॅनवरची सगळी कामे, त्या पॅनवर घेतलेले सगळे जीएसटी क्रमांक धरून, एकच उद्योग ठरतात आणि त्यांची बेरीज होते. म्हणजे एकूण उलाढाल 1 कोटी 20 लाख. त्यातला 15 लाखांचा माल त्यांनी स्वतःच्या नावावर दुबईला निर्यात केला असेल, तर ती रक्कम वजा होते आणि वर्गवारीसाठी 1 कोटी 5 लाख उरतात. दुकानासाठी दुसरी उद्यम नोंदणी काढता येत नाही. एका उद्योगाला एकच नोंदणी, तिच्यात कामे मात्र कितीही जोडता येतात.

गुंतवणुकीचा आकडा अनेकांना चकवतो. यंत्रे 9 लाखांना घेतली, म्हणून 9 लाख लिहायचे असे वाटते. प्रत्यक्षात विवरणपत्रातली घसारा वजा जाता उरलेली किंमत धरली जाते. 15 टक्के घसाऱ्याने पहिल्या वर्षाअखेर 7 लाख 65 हजार आणि दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे साडेसहा लाख राहतात. जमीन, गाळ्याचे बांधकाम, फर्निचर यांत धरायचे नाही. नव्या उद्योगाने अजून विवरणपत्रच भरले नसेल, तर यंत्रांची बिलातली किंमत जीएसटी वगळून स्वतः लिहायची. पहिले विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले जाते, त्या वर्षाच्या 31 मार्चनंतर ही सवलत संपते.

1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि 10 कोटींची उलाढाल अशी आहे. लघु उद्योगासाठी हेच आकडे 25 कोटी आणि 100 कोटी आहेत. दोन्हींपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी उद्योग वरच्या गटात जातो. खाली यायचे तर मात्र दोन्ही आकडे मर्यादेच्या आत यावे लागतात. उद्या या बाईंची उलाढाल 11 कोटी झाली, तर यंत्रे साडेसहा लाखांचीच असूनही त्या लघु गटात जातील. आज त्या सूक्ष्म गटात आहेत.

उलाढाल अशी पॅनमागून येते. व्यवसायाचा प्रकार कुठल्याही विवरणपत्रातून येत नाही, तो अर्जदारानेच निवडायचा असतो. खरे नुकसान होते ते इथे.

आधी Manufacturing की Services हे विचारले जाते, सेवा असेल तर Trading की Non-Trading. मग राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या 2008 च्या यादीतून पाच अंकी क्रमांक निवडायचा. मसाले दळण्या-कुटण्याचा क्रमांक 10795, पापडांचा 10796. किराणा विक्री 47 पासून सुरू होणाऱ्या किरकोळ व्यापाराच्या गटात येते. सेवा केंद्रात घाईने अर्ज भरला, की संवाद बहुतेक असा होतो: ‘‘ताई, काय करता?’’ ‘‘मसाला विकते.’’ आणि भरणारा किरकोळ व्यापार निवडून मोकळा होतो.

व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी 2 जुलै 2021 पासून पुन्हा खुली झाली, पण ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. थकलेल्या बिलांविषयीचे संरक्षण त्यांना मिळत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. पुण्याच्या दुकानदाराने मसाल्याचे तीन लाख सहा महिने थकवले आणि प्रमाणपत्रावर फक्त व्यापार लिहिलेला असला, तर पहिला आक्षेप तिथेच येईल. आपण केलेला माल आपणच विकणे हा या अर्थाने व्यापार नव्हे. त्यामुळे मुख्य काम उत्पादन म्हणून नोंदवून 10795 आणि 10796 हे दोन्ही क्रमांक द्यावेत आणि किराणा विक्री तिसरी म्हणून जोडावी. याच्या उलट, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याने उत्पादन लिहिले, तर ती खोटी माहिती ठरते आणि कायद्याच्या कलम 27 नुसार दंड होऊ शकतो.

प्रमाणपत्र हाती आले, की UDYAM-MH ने सुरू होणाऱ्या क्रमांकाखालचा कामांचा तक्ता एक-एक ओळ करून वाचावा. चूक दिसली तर नवी नोंदणी काढायची नाही. त्याच क्रमांकावर ओटीपी देऊन दुरुस्ती करता येते, नवे काम जोडता येते. नोंदणीला मुदत नसली, तरी दरवर्षी विवरणपत्र भरल्यानंतर एकदा माहिती अद्ययावत करायची असते. ती केली नाही तर नोंदणी स्थगित होऊ शकते. बाईंनी पुढच्या वर्षी लोणची सुरू केली, तर त्यांचा क्रमांकही त्याच वेळी, पहिले बिल फाडण्याआधी जोडून घ्यावा.