मेष-सिंहेचं जमतं, पण राशिकूट शून्य

समजा, स्थळ कृष्णराजनगरचं आहे. मुलीची चंद्ररास मेष, सोलापूरच्या मुलाची सिंह. एक नातेवाईक म्हणतो, दोघेही अग्नितत्त्वाचे, उत्तम जमेल. दुसरा पंचांगातलं कोष्टक उघडतो आणि सांगतो, राशिकूटात 7 पैकी 0 गुण. दोघेही एकाच चंद्राबद्दल बोलत आहेत, तरी निकाल उलटे. ही विसंगती कुणाच्या हिशोबातल्या चुकीमुळे आलेली नाही. दोन वेगळ्या परंपरा आपण एकाच नावाखाली मिसळल्या, त्यामुळे ती आली आहे.

गैरसमज: तत्त्वांवरून जोडी जुळवणं हीच आपली जुनी पद्धत आहे.

आपल्याकडचं गुणमेलन 36 गुणांचं: वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7 आणि नाडी 8. या आठांत तत्त्व नावाचं कूट नाही. तत्त्वांचे चार गट दिसतात ते फक्त वर्णकूटात, तेही दुसऱ्या नावांनी. कर्क, वृश्चिक, मीन या जलराशी तिथे ब्राह्मण. मेष, सिंह, धनू या अग्निराशी क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीराशी वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ या वायुराशी शूद्र. म्हणजे ज्या गटवारीवर सगळा भर दिला जातो, तिचं वजन 36 पैकी अवघा 1 गुण, आणि तिची पायरी स्वभावाची नसून सामाजिक उतरंडीची आहे.

गैरसमज: सारखं तत्त्व म्हणजे मेळ, आग आणि पाणी म्हणजे भांडण.

पाश्चात्त्य पद्धतीत एकाच तत्त्वाच्या दोन राशींमध्ये 120 अंशांचं अंतर असतं आणि ते सर्वांत सुखाचं मानतात. आपल्याकडे हेच अंतर नवपंचम ठरतं आणि राशिकूटाचे सगळे गुण जातात. उलट मेष आणि कर्क घ्या. एक आग, एक पाणी. तिकडे ते संघर्षाचं लक्षण. इकडे चौथी-दहावी रास म्हणून पूर्ण 7 गुण. यावर ज्योतिषी म्हणतील, नवपंचमाला परिहार आहे. बरोबर आहे: मेषेचा स्वामी मंगळ आणि सिंहेचा स्वामी सूर्य मित्र आहेत, म्हणून ग्रहमैत्रीचे 5 गुण मिळतात आणि दोष सौम्य धरतात. मेष-वृश्चिक ही आग-पाण्याची जोडी षडाष्टकात येते, पण दोन्हींचा स्वामी मंगळच असल्याने तिला प्रीतिषडाष्टक म्हणून सोडून देतात. पण मग निर्णय राशिस्वामींनी केला, तत्त्वांनी नाही.

गैरसमज: माझी चंद्ररास एकच आहे, कुठेही पाहा.

जन्मगाव कृष्णराजनगर असो की सोलापूर, एकाच क्षणी चंद्राची रास एकच असते. पण पंचांगं निरयन राशी वापरतात, तर पाश्चात्त्य पुस्तकं सायन. या दोहोंत सध्या सुमारे 24 अंशांचा फरक आहे आणि रास 30 अंशांची. म्हणून साधारण पाचांपैकी चार जणांची चंद्ररास दुसऱ्या पद्धतीत एक घर पुढे सरकते, आणि शेजारच्या राशींचं तत्त्व कधीच सारखं नसतं. पंचांगातली मीन रास तिथे बहुधा मेष होते. जवळीक मागणारं जलमन एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताच कौतुक मागणारं अग्निमन बनतं. माणूस मात्र तोच.

यावर आक्षेप येईल की चंद्र मनाचा कारक हे वराहमिहिरापासून मान्य आहे. मान्य असणं आणि पडताळलेलं असणं यांत फरक आहे. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या घेतल्या. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून मूल कोणत्या गटातलं ते सांगितलं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. ही चाचणी विवाहाची नव्हती, हे खरं. पण अख्खी कुंडली हाती असून इतका ढोबळ फरक ओळखता येत नसेल, तर त्यातल्या एका चंद्रावरून दोघांच्या मनाची गरज सांगता येते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते. शिवाय चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. तेवढ्या काळात जन्मलेल्या सगळ्यांना एकच मन कसं असेल?

तरी तत्त्वांवरून केलेली मनाची वर्णनं ओळखीची वाटतात, कारण कौतुक, स्थैर्य, संवाद आणि माया या चारही गरजा प्रत्येकाला असतात. वाचणारा आपलं तेवढं उचलतो. त्यामुळे स्थळ पाहताना रास विचारण्यापेक्षा राग आल्यावर तू काय करतोस, घरखर्च कोण पाहणार, आईवडील कुठे राहणार, हे थेट विचारा. त्याची उत्तरं कोणत्याही कोष्टकात नाहीत.