लिहिले, लिहिले आहे आणि लिहिलेले

मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके ५ ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते आणि त्या दिवसापासून ते पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आले. परंतु त्यांच्या भाषिक स्थितीचे मूळ त्याही आधीच्या एका तारखेत, १ नोव्हेंबर १९५६ मध्ये आहे. तोवर ज्या राज्याची राजधानी नागपूर होती त्याच राज्यात हा मुलूख होता, आणि राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याचा हा मराठीभाषी पट्टा मध्यप्रदेशातच राहिला. त्यामुळे येथील पुष्कळ घरांत मराठी बोलली जाते, शाळा आणि कचेरी प्रामुख्याने हिंदीत चालते, आणि नोकरीच्या अर्जापासून मोबाइलवरच्या निरोपापर्यंत इंग्रजी डोकावत राहते. एकाच माणसाच्या लेखणीत तीन भाषांचे भूतकाळ असे शेजारी नांदू लागले, की त्यांच्या सीमा कोठे जुळत नाहीत हे नेमके दिसू लागते. ‘ही हॅज रोट’, ‘आय हॅव वेंट’ आणि ‘वी सीन’ या इंग्रजी चुका शिक्षक बहुधा एकाच टोपलीत टाकतात. पण मराठी भाषकाच्या बाजूने पाहिले तर पहिल्या दोहोंचे कारण एक आहे आणि तिसरीचे अगदी निराळे आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ‘गो, वेंट, गॉन’ आणि ‘राइट, रोट, रिटन’ ही घोकंपट्टी केलेली असते. या तिहींपैकी दुसरे रूप साध्या भूतकाळाचे असून ते एकटेच वाक्य पेलते. तिसरे रूप म्हणजे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेले आणि क्रिया पुरी झाल्याचे सांगणारे असे रूप, जे प्रमाण इंग्रजीत एकटे क्रियापदाचे काम करू शकत नाही आणि ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदाचा आधार मागते. बहुसंख्य क्रियापदांत ही दोन रूपे सारखीच असतात. ‘वॉक्ड’ काय किंवा ‘बॉट’ काय, दोन्ही जागी तेच चालते, म्हणून तेथे चूक करायलाच वाव नसतो. वाव उरतो तो ज्यांची दुसरी आणि तिसरी रूपे भिन्न आहेत अशा थोड्या क्रियापदांपुरता, आणि दुर्दैव असे की ‘जाणे, येणे, देणे, घेणे, पाहणे, लिहिणे, खाणे’ ही दिवसभर लागणारी क्रियापदे नेमकी त्या थोड्यांतच येतात.

मराठीत हीच विभागणी वेगळ्या जागी होते. ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याने पत्र लिहिले आहे’ आणि ‘त्याने लिहिलेले पत्र’ अशी तीन वाक्ये किंवा वाक्यांश घेतले, तर पहिल्या दोहोंत ‘लिहिले’ हे एकच रूप आहे आणि दुसऱ्यात त्याला नुसते ‘आहे’ जोडले आहे. विशेषणाचे काम करणारे ‘लिहिलेले’ मात्र वेगळे आहे. इंग्रजीत पहिल्या जागी ‘रोट’ येते आणि दुसऱ्या व तिसऱ्या अशा दोन्ही जागी ‘रिटन’ येते. म्हणजे मराठीची रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेच्या मध्ये पडते, तर इंग्रजीची पहिल्या आणि दुसऱ्या जागेच्या मध्ये. मराठी मनाला ‘लिहिले’ म्हणजे ‘रोट’ हे एकदा पक्के झाले, की ‘लिहिले आहे’साठी ते ‘रोट’लाच ‘हॅज’ लावते, आणि ‘गेलो’ म्हणजे ‘वेंट’ असेल तर ‘गेलो आहे’ म्हणजे ‘हॅव वेंट’ असणेच त्याला सरळ वाटते. हिंदीतही ‘गया’ आणि ‘गया है’ यांत रूप बदलत नाही, त्यामुळे घरची भाषा ज्या वळणावर नेते त्याच वळणावर शाळेची भाषाही नेते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. तीत मराठीचा नियम चोख पाळलेला असतो.

गमतीची गोष्ट अशी की तिसऱ्या जागी हीच माणसे सहसा चुकत नाहीत. भरती परीक्षेची तयारी करणारा तरुण ‘रिटन निघाली, आता फिजिकल राहिली’ असे म्हणतो, ‘रोट निघाली’ असे कधीच म्हणत नाही; कारण विशेषणाच्या जागेसाठी वेगळे रूप असते हे त्याला मराठीनेच शिकवलेले असते. या जाणिवेचा उपयोग करता येतो. ज्या वाक्यात ‘लिहिले आहे’च्या जागी ‘लिहिलेले आहे’ घालून वाक्य मोडत नाही, तेथे इंग्रजीत तिसरे रूप हवे. आणि ‘त्याने काल पत्र लिहिले’ यात ‘लिहिलेले’ घातल्यावर प्रमाण मराठीत ‘होते’ची उणीव जाणवते, म्हणून तेथे दुसरे. एक निरोप घेऊन पाहता येईल. ‘भावाने अर्ज लिहिला आहे, मी काल सौसरला गेलो होतो, आणि आम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार पाहिली’, असा मजकूर शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेला तर ‘हॅज रोट’, ‘हॅड वेंट’ आणि ‘सॉ’ असे निघते. कसोटी लावली की ‘लिहिलेला आहे’ आणि ‘गेलेलो होतो’ ही दोन्ही टिकतात, म्हणून ‘हॅज रिटन’ आणि ‘हॅड गॉन’. ‘पाहिली’ला आधाराचे क्रियापद नसल्याने ‘सॉ’च बरोबर राहते. मात्र कसोटीची मर्यादा येथेच उघडी पडते. ‘काल’ हा शब्द असताना इंग्रजीला ‘हॅड गॉन’ नको असते, नुसते ‘वेंट’ हवे असते. मराठी ‘गेलो होतो’ हे कालच्या साध्या घटनेलाही लावते, इंग्रजी ‘हॅड गॉन’ सामान्यतः भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधी घडलेल्या गोष्टीला. म्हणजे ‘हॅड वेंट येस्टरडे’ या लेखनात चुका दोन असतात, आणि रूप सुधारून समाधान मानणारा शिक्षक त्यांतली एकच सुधारतो.

वरच्या निरोपात ‘वी सीन’ आपोआप निघाले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धातुसाधिताला साहाय्यक न लावता त्याचाच भूतकाळ करणे ही चूक मुख्यतः ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशांची आहे. आयर्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर अमेरिकेच्या बोलींत ‘आय सीन’, ‘आय डन’ ही रूपे जुनी आणि सर्रास आहेत. तिचे एक स्पष्टीकरण उच्चारात शोधले जाते: ‘वी हॅव सीन’चे बोलताना ‘वीव्ह सीन’ होते आणि त्यातला तो अर्धा ‘व्ह’ पुढच्या ‘स’मध्ये विरून जातो. पण त्या बोलींत ‘सीन’ कालच्या घटनेलाही लावतात, त्यामुळे गळलेल्या ‘हॅव’ने सगळे उलगडत नाही, तेथे धातुसाधितच खरा भूतकाळ झालेला आहे.

आणि नेमके हेच मराठीने फार पूर्वी केले आहे. संस्कृतात ‘त्याने केले’ हे सांगायला क्रियापदाची स्वतंत्र भूतकाळी रूपे होती, परंतु ‘तेन कृतम्’, म्हणजे ‘त्याच्याकडून केलेले’, अशी धातुसाधिताची रचना हळूहळू बळावत गेली आणि प्राकृतात ती स्वतंत्र रूपे जवळपास लोपली. कृत, गत, मृत यांच्या झिजलेल्या प्राकृत रूपांना ‘ल’काराचा प्रत्यय लागून केला, गेला, मेला ही मराठी रूपे घडली. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातील ‘करवियलें’ हे मराठीच्या सर्वांत प्रसिद्ध क्रियापदांपैकी एक अशाच घडणीचे आहे, आणि तेथे कर्त्याचे नाव ‘चावुण्डराजें’ असे तृतीयेत येते. ‘मी केले’ म्हणताना क्रियापद कर्त्याशी न जुळता कर्माशी जुळते ते याच कारणाने. थोडक्यात, मराठीचा संपूर्ण भूतकाळ हा एका अर्थी प्रमाण झालेला ‘वी सीन’ आहे. इतकेच नव्हे, तर मुंबई-पुण्याकडच्या बोलण्यात आणि लिहिण्यात ‘मी तिकडे गेलेलो’, ‘आम्ही ते पाहिलेलं’ अशी ‘होतो’ आणि ‘होतं’ गाळलेली वाक्ये हल्ली सरसकट दिसतात. म्हणजे तोच फेरा पुन्हा एकदा सुरू झाला आहे. त्याला चूक म्हणायचे की नव्या रूपाचा जन्म म्हणायचे, हे आजच सांगण्याची घाई व्याकरणकाराने करू नये.

अनियमित रूपांचे आणखी एक भवितव्य असते, ते म्हणजे नियमित होऊन जाणे. लहान मूल ‘बसला’, ‘पडला’ यांच्या धर्तीवर ‘करला’ म्हणते आणि मोठी माणसे ते सुधारतात. ‘म्हटले’च्या जागी ‘म्हणले’ आणि ‘सांगितले’च्या जागी ‘सांगले’ लिहिणाऱ्या मोठ्यांना मात्र सुधारणारे कोणी नसते, आणि वऱ्हाडी वळणाच्या बोलीत तर ‘सांगतलं’ हे स्वतःचे, तितकेच जुन्या धाटणीचे रूप आहे, ज्याला चूक म्हणणे अज्ञानाचे ठरेल. हिंदीत हा निवाडा किती लहरी असतो याचा नमुना पाहण्यासारखा आहे. ‘कृत’पासून आलेले ‘किया’ प्रमाण आहे आणि बोलचालीतले नियमित ‘करा’ अशुद्ध गणले जाते. पण ‘मृत’पासून आलेले ‘मुआ’ मागे पडून शिवीपुरते उरले आणि त्याच धर्तीचे नियमित ‘मरा’ निर्वेधपणे प्रमाण झाले. मराठीने ‘मेला’ राखले आणि वर ‘मेल्या’ ही शिवीही राखली. सौसरच्या शाळकरी मुलाला त्यामुळे एका भाषेत ‘मरा’ बरोबर आणि ‘करा’ चूक, तर दुसरीत दोन्ही जागी जुनीच रूपे, असा हिशेब ठेवावा लागतो. ‘जाणे’चा तर प्रकारच निराळा: वर्तमानातले ‘जातो’ हे ‘या’ या धातूपासून आणि भूतातले ‘गेला’ हे ‘गम्’पासून आले आहे, अगदी जसे इंग्रजीत ‘गो’च्या भूतकाळाची रिकामी जागा ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाच्या ‘वेंट’ने बळकावली. हिंदीत ‘जाया करता था’ या एका रचनेत नियमित ‘जाया’ आजही जिवंत आहे, आणि तेथे ‘गया’ घालणाराच चुकतो.

‘हॅज रोट’लाही असाच इतिहास आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातील सुशिक्षित लेखक ‘हॅव रोट’, ‘हॅव स्पोक’ असे बिनदिक्कत लिहीत असत. रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात साधा भूतकाळ आणि धातुसाधित यांची अशी सरमिसळ दोषास्पद ठरवली, आणि उदाहरणे म्हणून त्याने मिल्टन, ड्रायडन यांसारख्या मान्यवरांचीच वाक्ये पुढे केली. पुढच्या काळात शाळांतून हा नियम घट्ट झाला आणि इंग्रजी राज्याबरोबर भारतात येईपर्यंत तो अनादी असल्यासारखा भासू लागला. लाउथच्या पुस्तकाच्या अकराच वर्षे आधी, १७५१ मध्ये, टॉमस ग्रे याची दफनभूमीवरील विख्यात विलापिका लंडनमध्ये छापली गेली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर ती ‘खेड्यातल्या चर्चच्या आवारात लिहिलेली’ असल्याचे सांगणारा शब्द होता ‘रोट’. आज पाठ्यपुस्तकांत तेथे ‘रिटन’ छापतात.